थकलेल्या बिलाची शेवटची नोटीस

माल पोचला, बिल गेले, मुदत उलटली आणि पैसे आले नाहीत, की पुरवठादार आधी फोन करतो, मग व्हॉट्सॲपवर आठवण देतो, मग स्वतः जाऊन अकाउंट्स विभागाच्या बाहेर बसतो. या सगळ्याचा उपयोग होईनासा झाला की दाव्याच्या आधी एक औपचारिक पत्र जाते. त्याला मागणी नोटीस म्हणतात. खाजगी ग्राहकावर साधा वसुलीचा दावा लावण्याआधी अशी नोटीस दिलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. दोन महिन्यांच्या नोटिशीची सक्ती आहे ती सरकारवर दावा लावताना. तरीही अनुभवी वकील ती पाठवल्याशिवाय पुढे जात नाहीत. हे पत्र ग्राहकाच्या नावे लिहिलेले असले तरी त्याचा खरा वाचक वर्ष-दोन वर्षांनी फाइल उघडणारा न्यायाधीश किंवा लवाद असतो. ग्राहकाला सगळा व्यवहार माहीत असतो, त्या तिसऱ्या माणसाला काहीच माहीत नसते. म्हणून पत्र त्याला कळेल असे लिहावे लागते.

एक काल्पनिक पण नेहमीचे उदाहरण घेऊ. भोसरीतला एक छोटा कारखानदार पुठ्ठ्याची खोकी बनवतो. त्याची उद्यम नोंदणी ‘सूक्ष्म उद्योग, उत्पादन’ अशी आहे. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला त्याने ५ मार्च २०२४ रोजी करांसह ४,१३,००० रुपयांचा माल दिला आणि त्याच दिवशी बिलही दिले. कंपनीच्या परचेस ऑर्डरवर साठ दिवसांची उधारी छापलेली होती. १० एप्रिलला १,१३,००० रुपये खात्यात जमा झाले आणि ३,००,००० राहिले. जूनमध्ये कंपनीच्या अकाउंट्स अधिकाऱ्याने ईमेल केला की पैसे अडकले आहेत, पुढच्या महिन्यात देतो. जुलै तसाच गेला. ऑगस्टमध्ये मात्र फोनवर पहिल्यांदाच ऐकू आले की काही खोकी नरम होती.

नोटीस लिहायला बसण्याआधी कागद एका जागी आणावे लागतात. परचेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन, बिल, खातेउतारा आणि तो ईमेल. यांत सर्वांत मोलाचा कागद बिल नव्हे, तर ग्राहकाच्या गेटवरचा शिक्का, तारीख आणि सही असलेले चलन. बिल पुरवठादार स्वतः बनवतो. चलनावर मात्र समोरच्याची पोच असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ यातील घड्याळही याच तारखेपासून चालू होते. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याचा दिवस हाच तो स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. पाच महिन्यांनी फोनवर सांगितलेली नरम खोकी त्यामुळे या हिशेबात बसत नाहीत. हे नोटिशीत एका वाक्यात, कसलाही राग न दाखवता नोंदवायचे.

याच कायद्याचे दुसरे कलम पुष्कळ पुरवठादारांना माहीत नसते. करारात कितीही लांब मुदत लिहिलेली असली तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर ती पंधरा दिवसांचीच. परचेस ऑर्डरवरचे साठ दिवस म्हणून इथे चालत नाहीत. ५ मार्चपासून पंचेचाळीस दिवस १९ एप्रिलला संपतात आणि २० एप्रिलपासून व्याज सुरू होते. ते रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ असते. त्या काळात बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे वर्षाला २०.२५ टक्के, महिन्याला १.६८७५ टक्के. तीन लाखांवर पहिल्या महिन्याचे ५,०६२ रुपये होतात. पुढच्या महिन्याचे व्याज या रकमेसकट मोजले जाते. चार महिन्यांनी, म्हणजे २० ऑगस्टला पत्र निघते तेव्हा, व्याज २०,७६८ रुपये आणि एकूण येणे ३,२०,७६८ रुपये. हा ताळा नोटिशीच्या सोबत वेगळ्या कागदावर, महिन्यामहिन्याने मांडून जोडावा. बँक दर मधेच बदलला असेल तर त्या तारखेपासून नवा दर लावावा लागतो. इथेच बहुतेकांची चूक होते आणि समोरचा वकील नेमका तेथे बोट ठेवतो.

हे व्याज सगळ्यांना मिळत नाही. मध्यम उद्योगांना ही तरतूद लागू नाही. उद्यम नोंदणी असलेल्या निव्वळ व्यापाऱ्यालाही तिचा लाभ मिळत नाही. माल देण्याआधी नोंदणी झालेली नसेल तर मोठा वाद उभा राहतो, म्हणून नोंदणी क्रमांक आणि तारीख दोन्ही नोटिशीत लिहावीत. ज्यांना हा कायदा लागू नाही आणि करारातही व्याजाचा उल्लेख नाही, त्यांना १९७८ च्या व्याज अधिनियमाचा आधार आहे. पैसे देण्याची तारीख लेखी ठरलेली नसेल, तर मागणीच्या नोटिशीत व्याज मागितले असेल तरच त्या नोटिशीतल्या तारखेपासून व्याजाचा विचार होतो. अशा पुरवठादाराने व्याजाची ओळ लिहायची राहून गेली, तर दाव्याच्या आधीच्या काळाचे व्याज हातचे जाऊ शकते.

मजकूर थोडा असला तरी तपशील नेमके हवेत. पत्र कंपनीच्या नावे लिहायचे, संचालकाच्या नावे नव्हे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे देणे कंपनीचे असते, आणि संचालकाने वैयक्तिक हमी दिली नसेल तर त्याच्या घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवून काही साधत नाही. एकमालकीचा धंदा असेल तर मालकाचे नाव, भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार दोघेही. पत्ता चाकणच्या कारखान्याचा असून भागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत असलेल्या नोंदणीकृत कार्यालयावर एक प्रत गेलीच पाहिजे. मग क्रमाने ऑर्डर, चलन, बिल, मिळालेली रक्कम, राहिलेली रक्कम. त्यानंतर मागणी, साधारण अशी:

‘आपल्याकडून मूळ रक्कम ३,००,००० रुपये आणि २० ऑगस्ट २०२४ पर्यंतचे व्याज २०,७६८ रुपये, असे एकूण ३,२०,७६८ रुपये येणे आहे. ही रक्कम ४ सप्टेंबर २०२४ पर्यंत खाली दिलेल्या खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास पुढील व्याजासह वसुलीसाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषद किंवा सक्षम न्यायालय यांच्याकडे जाण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.’

‘ताबडतोब’, ‘लवकरात लवकर’ असे शब्द टाळून तारीख लिहावी, कारण न्यायालयात तारीख मोडल्याचे दाखवता येते, ‘लवकरात लवकर’ मोडल्याचे नाही. जूनच्या ईमेलचा उल्लेख तारखेसकट करावा. त्यात देणे कबूल आहे, आणि माल खराब असल्याचा एक शब्दही नाही. हा मौनाचा पुरावा अख्ख्या पत्रातला सर्वांत बोलका.

एका परिच्छेदात कराची आठवण द्यायला हरकत नाही, कारण अकाउंट्स विभाग दाव्यापेक्षा कराला लवकर जागतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाने त्या बिलावर घेतलेला जीएसटीचा परतावा उलटवावा लागतो. ५ मार्चच्या बिलाचे १८० दिवस १ सप्टेंबरला, म्हणजे नोटिशीच्या मुदतीच्या आतच, पूर्ण होतात. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पंचेचाळीस दिवसांपलीकडे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. उशिरापोटी दिलेले व्याजही खर्चात धरले जात नाही.

धमकी मात्र मोजून द्यावी. ‘कंपनी दिवाळखोरीत काढू’ हे वाक्य अशा पत्रांत फार दिसते. दिवाळखोरी संहितेखाली त्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते आणि तिची नोटीस ठरावीक नमुन्यात, दहा दिवसांची असते. तीन लाखांसाठी ही भाषा वापरली की पाठवणाऱ्याला कायदा माहीत नाही एवढेच कळते. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याची धमकीही तशीच. दिवाणी येणे फौजदारी मार्गाने वसूल करण्याच्या प्रयत्नावर सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नापसंती दाखवली आहे. चेक परत आला असेल तर गोष्ट वेगळी. त्याची नोटीस बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत स्वतंत्र द्यावी लागते, तिचे काम या पत्राने होत नाही. सवलतीचा प्रस्तावही या पत्रात घालू नये. ‘अडीच लाख दिलेत तरी चालेल’ असे एकदा लिहिले की बोलणी तिथूनच खाली सुरू होतात.

पत्र वकिलाच्या लेटरहेडवर जावे की स्वतःच्या, याने कायद्यात फरक पडत नाही. पोचीने मात्र पडतो. नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी पोचपावतीची सोय कायम आहे. पावती, ट्रॅकिंगचा उतारा आणि पाकिटावरचा ‘घेण्यास नकार’ असा शेरा, हे सारे जपून ठेवावे. बरोबर पत्त्यावर रीतसर पाठवलेले पाकीट नाकारले, तरी न्यायालय सामान्यतः ते पोचले असेच धरते. सोबत ईमेलही पाठवावा.

या पत्राची एक मर्यादा पुरवठादारांना महागात पडते. नोटीस दिल्याने दाव्याची तीन वर्षांची मुदत थांबत नाही आणि वाढतही नाही. दर वर्षी नोटीस पाठवत बसलेला पुरवठादार चौथ्या वर्षी न्यायालयात जातो तेव्हा मुदत संपलेली असते. मुदत नव्याने सुरू होते ती ग्राहकाच्या हातून: मुदतीच्या आत त्याने देणे लेखी, सहीनिशी कबूल केले तर. म्हणून नोटिशीसोबत शिल्लक रकमेची खातेपुष्टी जोडून त्यावर सही मागण्याची जुनी रीत आहे. मिळालीच सही, तर नोटिशीने दोन कामे केली.

४ सप्टेंबर उलटल्यावर भोसरीच्या कारखानदारापुढे दोन वाटा राहतात. सुलभीकरण परिषदेकडे अर्ज केला तर आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. निवाडा विरोधात गेलेल्या ग्राहकाला त्याला आव्हान द्यायचे असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. कायद्याने ठरवलेले नव्वद दिवस प्रत्यक्षात बहुधा पाळले जात नाहीत. दुसरी वाट व्यापारी न्यायालयाची. मागणी व्याजासह तीन लाखांवर असल्याने दावा त्या न्यायालयाच्या कक्षेत येतो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जाणे सक्तीचे आहे. पाटील ऑटोमेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केले. मध्यस्थ पहिल्याच बैठकीत हीच नोटीस आणि तिचे उत्तर मागतो. ग्राहकाचे उत्तर आलेच नसेल, तर नरम खोक्यांबद्दल तो तेव्हा का गप्प होता, हा प्रश्न त्याच्यापुढे राहतो.