वीस फोटो आणि एक मेल

डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या, चार मजली सोसायटीचं उदाहरण घेऊ. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात गच्चीखालच्या तीन फ्लॅटची छतं गळू लागतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर दोन दिवसांनी येणार असतो, पण त्याआधी त्याला फोटो हवे असतात: ओलीचे डाग, सुटलेलं प्लास्टर, कठड्याजवळच्या भेगा. सेक्रेटरी घराघरांत फिरून फोनवर वीस फोटो काढतात, रात्री मेलला जोडायला घेतात आणि पाचव्या-सहाव्या फोटोला गाडी अडते. एकेक फोटो ४ एमबीच्या आसपास असतो, म्हणजे वीस फोटोंचे ८० एमबी होतात. जीमेलवरून मात्र २५ एमबीच्या वर थेट काही जोडता येत नाही.

प्रत्यक्षात हे २५ एमबीही पूर्ण हाती येत नाहीत. मेल ही व्यवस्था मुळात मजकुरासाठी उभी राहिली. त्यामुळे जोडलेला फोटो पाठवताना अक्षरांच्या रूपात लिहावा लागतो. फोटोतल्या दर तीन बाइटसाठी चार अक्षरं खर्च होतात आणि वाटेत फाइल एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. म्हणून २५ एमबीच्या मेलमध्ये साधारण १८ एमबीचेच फोटो मावतात, असा हिशेब धरावा. आता १८ एमबीला वीसने भागा. दर फोटोच्या वाट्याला सरासरी ९०० केबी येतात. पुढचं सगळं काम या एका आकड्याभोवती आखायचं.

फोटोची फाइल दोन वाटांनी लहान होते. पहिली वाट म्हणजे मोजमाप कमी करणं, म्हणजेच फोटोतल्या पिक्सेलची संख्या घटवणं. दुसरी वाट म्हणजे पिक्सेल तेवढेच ठेवून ते अधिक काटकसरीनं लिहिणं. प्रोग्राममध्ये हीच गोष्ट ‘क्वालिटी’ या नावानं दिसते. बहुतेक लोक थेट दुसऱ्या वाटेला जातात, क्वालिटी ३०-४० वर आणतात आणि चिखलासारखे फोटो पाठवून मोकळे होतात. क्रम उलटा हवा. आधी मोजमाप कमी करावं आणि क्वालिटीला शेवटी, तेही जपून हात लावावा.

त्याचं कारण साधं आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल. इंजिनिअरच्या फुल एचडी लॅपटॉपचा पडदा असतो १९२० × १०८०. पूर्ण फोटो त्यावर उघडला की लॅपटॉप तो आपणहून आक्रसून दाखवतो आणि निम्म्याहून जास्त पिक्सेल डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. लांब बाजू २००० पिक्सेलवर आणली तर फोटो होतो २००० × १५००. लांबी-रुंदी निम्मी झाली की पिक्सेल चौथ्या हिश्शावर येतात, आणि पडद्यावर मात्र फरक जाणवत नाही. हाच फोटो अहवालात १७ सेंटिमीटर रुंद छापला तरी इंचाला ३०० ठिपके भरतात, म्हणजे छपाईलाही तो पुरतो.

आता क्वालिटी. जेपेग पद्धत १९९२मध्ये प्रमाणित झाली. तिच्या गाभ्याचं गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४मध्ये प्रसिद्ध केलं. या पद्धतीत फोटो ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींमध्ये कापला जातो. प्रत्येक चौकटीत सावकाश बदलणारी छटा किती आणि झरझर बदलणारी बारीक नक्षी किती, हे वेगळं मोजलं जातं. आपल्या डोळ्याला सौम्य छटांमधली गडबड लगेच कळते, पण गिचमिडीतली चूक सहसा कळत नाही. म्हणून जेपेग नक्षीचे आकडे ढोबळ करून टाकतं, आणि बचत होते ती तिथे. क्वालिटीचा आकडा म्हणजे हा ढोबळपणा किती चालवून घ्यायचा याची सूचना. तो टक्का नव्हे, आणि एका प्रोग्राममधला ८० दुसऱ्यातल्या ८०शी जुळेलच असंही नाही. तरी ९५वरून ८०-८५ला आलं की फाइल निम्म्याच्या आसपास उतरते आणि नेहमीच्या फोटोत डोळ्याला काही खुपत नाही. साठच्या खाली मात्र चौकटी उघड्या पडू लागतात.

सोसायटीच्या फोटोंत खरी मेख आहे ती भेगांची. दोन मीटर रुंद भिंत एका फोटोत घेतली, तर मूळ फोटोत दर मिलिमीटरला दोन पिक्सेल येतात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची भेग एका पिक्सेलएवढी रुंद दिसते. फोटो निम्मा केला की तीच भेग अर्ध्या पिक्सेलची होते, शेजारच्या रंगात मिसळते आणि फिकट राखाडी रेष उरते. कधी तीही उरत नाही. इथे क्वालिटी शंभर ठेवूनही उपयोग नाही, कारण तपशील मोजमाप घटवतानाच गेलेला असतो. अशा फोटोंना लहान करण्याऐवजी कापायचं. भेगेभोवतीचा २००० × १५००चा तुकडा मूळ फोटोतून जसाच्या तसा घ्यायचा. फाइल तेवढीच लहान होते, भेग मात्र आहे तशी राहते. सोबत पूर्ण भिंतीचा एक लहान केलेला फोटो द्यावा, म्हणजे तुकडा कुठला हे कळतं. सेक्रेटरींच्या वीस फोटोंपैकी पाच भेगांचे असतील, तर त्या पाचांना ही वागणूक आणि उरलेल्या पंधरांना सरसकट २००० पिक्सेल, अशी वाटणी होईल.

पंधरा फोटो एकेक करून उघडत बसायची गरज नाही. विंडोजवर इरफानव्ह्यू हा प्रोग्राम घरगुती वापरासाठी फुकट मिळतो. तो उघडून `B` दाबलं की सगळे फोटो एकदम बदलण्याची खिडकी येते. तिथे लांब बाजू २००० ठेवावी आणि जेपेगची क्वालिटी ८२च्या आसपास. नवे फोटो वेगळ्या फोल्डरमध्येच पाठवायचे. ही अट सोडू नये. मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये सगळे फोटो एकत्र उघडून मोजमाप बदलता येतं, पण तिथे बदल मूळ फाइलवरच होतो, म्हणून आधी प्रती काढाव्यात. ज्यांना कमांड टाइप करण्याची धास्ती नाही, त्यांना इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्राम दोन ओळींत मोकळं करतो:

```
mkdir lahan
magick mogrify -path lahan -auto-orient -resize "2000x2000>" -quality 82 *.jpg
```

यातलं `>` हे चिन्ह आधीच लहान असलेला फोटो उगाच मोठा होऊ देत नाही. `-auto-orient` फोटो खरोखर सरळ करून ठेवतं. फोन पुष्कळदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘उभा दाखवा’ अशी नुसती चिठ्ठी आत ठेवतो. ही चिठ्ठी वाटेत हरवली की समोरच्याला छत भिंतीसारखं दिसतं. इंटरनेटवरच्या अनेक नमुन्यांत `-strip` हा शब्दही असतो. त्यानं फोटोच्या आतली माहिती पुसली जाते आणि थोडे केबी वाचतात. गळतीच्या फोटोंसाठी तो वापरू नये, कारण फोटो कधी काढला ती तारीखही त्याच माहितीत असते आणि पुढे ठेकेदाराशी वाद झाला तर तीच लागते. उलट घरातल्या मुलांचे फोटो अनोळखी ठिकाणी पाठवायचे असतील तर पुसणंच बरं, कारण घराचा ठावठिकाणाही बहुधा तिथेच नोंदलेला असतो.

सगळ्या नव्या फाइली एकाच आकाराच्या निघत नाहीत, आणि त्या तशा निघू नयेतच. कोऱ्या छताचा फोटो २५० केबीत बसतो. गच्चीवरचं शेवाळ आणि मागची झाडं असलेला फोटो १२०० केबी मागतो. मेलला मर्यादा एकूण वजनाची असते, म्हणून हलक्या फोटोंची शिल्लक जड फोटोंना द्यावी. प्रत्येक फोटो ९०० केबीत कोंबायचा हट्ट धरला तर ज्यात तपशील जास्त, त्याचंच नुकसान होतं. सेक्रेटरींचे वीस फोटो अशा रीतीनं १३-१४ एमबीच्या आसपास येतात आणि मेल सुटतो.

बिघाड झालाय का हे ओळखायला फोटो पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहावा. पूर्ण फोटो पडद्यात बसवून पाहिला तर दोष लपतात. तीन जागा तपासाव्यात. एक, आकाश किंवा रंगवलेली भिंत: तिथे चौकटी किंवा पायऱ्या दिसतात का? दोन, अक्षरांच्या आणि तारांच्या कडा: त्यांच्याभोवती धुळीसारखे ठिपके आलेत का? तीन, गडद लाल भाग: जेपेग रंग पुष्कळदा निम्म्याच बारकाईनं साठवतं, त्यामुळे लाल पाटीवरची अक्षरं सगळ्यांत आधी फिसकटतात. तिन्ही जागा स्वच्छ असतील तर काम झालं. दोष दिसलाच, तर बिघडलेली प्रत पुन्हा सुधारायला घेऊ नये. मूळ फोटोपासून नव्यानं सुरुवात करावी. जेपेग बदलून पुन्हा साठवला की आधीच्या ढोबळपणावर नवा ढोबळपणा चढतो. फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून लहान करण्याची युक्ती म्हणूनच टाळावी. तिथे मोजमाप आणि क्वालिटी दोन्ही ॲप ठरवतं, आणि तारीखही जाते. झिप करून तर काहीच मिळत नाही. जेपेग आधीच पिळलेला असतो, त्यातून आणखी थेंब निघत नाही.

ऑनलाइन अर्जाची तऱ्हा वेगळी. तिथे मर्यादा दर फाइलला असते आणि अनेकदा दोन्ही बाजूंनी. आयबीपीएसच्या बँक परीक्षांच्या अर्जात उमेदवाराचा फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मापं देत आले आहेत. इथे उलटीच अडचण येते. फोटो २०० × २३०वर आणून क्वालिटी ८० ठेवली की फाइल बहुधा वीस केबीच्या खाली जाते आणि अर्ज ती परत करतो. मग मुलं फोटो पुन्हा मोठा करतात आणि माप चुकतं. माप तेच ठेवून क्वालिटी ९५च्या पुढे न्यावी, म्हणजे फाइल हद्दीत येते आणि चेहराही जास्त स्वच्छ दिसतो. डीपीआयच्या रकान्यातला आकडा बदलून फाइलचं वजन हलत नाही. तो छापण्यापुरता असतो. आयफोनचा एचईआयसी फोटो अर्ज नाकारतो तेव्हा फाइलच्या नावापुढे नुसतं `.jpg` लिहिल्यानं तो जेपेग होत नाही, प्रोग्राममधून बदलून साठवावा लागतो.

मेल पाठवल्यावर ‘सेंट’मधून एक भेगेचा फोटो पुन्हा उतरवून शंभर टक्के आकारात पाहा. आणि मूळ वीस फोटो दुरुस्तीचं शेवटचं बिल चुकतं होईपर्यंत फोनमधून काढू नका.