सूर्याच्या वेशीबाहेर

व्हॉयेजर-1 हे यान 25 ऑगस्ट 2012 रोजी सूर्याच्या अंमलाखालचा प्रदेश सोडून तारकांमधल्या अवकाशात गेले. नासाने मात्र ही बातमी 12 सप्टेंबर 2013 ला दिली, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर. यानाकडून पृथ्वीवर निरोप यायला त्या काळी जेमतेम सतरा तास लागत होते. मग उरलेले वर्ष कशात गेले? माहिती येत होती, पण ती एकमेकींशी जुळत नव्हती. यान आत आहे की बाहेर, यावर मोहिमेतल्याच शास्त्रज्ञांचे एकमत होत नव्हते.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा, झोत सतत चहूकडे वाहत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. पृथ्वीजवळ त्याचा वेग सेकंदाला साधारण 400 किलोमीटर असतो, कधी त्याच्या दुप्पटही. असा वारा असणार, हे युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये गणिताने मांडले, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी त्यांचा लेख नाकारला होता. ज्या नियतकालिकाकडे तो आला होता त्याचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना पार्करांच्या गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. पुढे काही वर्षांतच अवकाशयानांनी हा वारा प्रत्यक्ष मोजला.

हा वारा पसरत जातो तसा विरळ होतो. अंतर दुप्पट झाले की घनता एक चतुर्थांश उरते. दुसरीकडे, तारकांमधला अवकाशही रिकामा नाही. तिथे जुन्या ताऱ्यांनी उधळलेला विरळ वायू आहे, आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र आहे, आणि या सगळ्यातून सूर्य सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर वेगाने चालला आहे. बाहेरचा हा दाब आणि सौर वाऱ्याचा दाब जिथे बरोबरीत येतात तिथे वाऱ्याची हद्द संपते. या हद्दीला हेलिओपॉज आणि तिच्या आतल्या साऱ्या पोकळीला हेलिओस्फिअर म्हणतात.

वारा या हद्दीपर्यंत त्याच वेगाने जाऊन थडकत नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नळाची धार सोडून पाहा. धार पडते तिथे पाणी पातळ थर होऊन झपाट्याने बाहेर पसरते, मग काही अंतरावर एकदम एक गोल कडा उठते आणि त्या कडेपलीकडे पाणी जाड आणि संथ होते. सौर वाऱ्याचेही असेच होते. हेलिओपॉजच्या बरेच आधी तो अचानक मंदावतो, दाटतो आणि तापतो. या कडेला समाप्ती-आघात म्हणतात. व्हॉयेजर-1 ने ती डिसेंबर 2004 मध्ये ओलांडली, सूर्यापासून 94 खगोलीय एकक अंतरावर. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधले सरासरी अंतर, म्हणजे सुमारे 15 कोटी किलोमीटर, हे एक खगोलीय एकक. त्यानंतर यान संथ वाऱ्याच्या पट्ट्यातून पुढची साडेसात वर्षे चालत राहिले.

खरा पेच यानंतरचा. हद्द ओलांडली हे ओळखण्याची सोपी खूण घनता आहे. आतला वायू अतितप्त पण विरळ, बाहेरचा थंड पण दाट. दोघांचा दाब सारखा असायचा तर असेच असायला हवे. म्हणजे घनता मोजली की निकाल लागला. पण हे मोजणारे व्हॉयेजर-1 चे उपकरण 1980 मध्येच, शनीची भेट आटोपल्यावर बंद पडले होते. त्यामुळे वेशीपाशी पोहोचलेल्या यानाला आजूबाजूचा वायू किती दाट आहे, हे थेट सांगताच येत नव्हते.

उरलेल्या उपकरणांनी वेगवेगळ्या साक्षी दिल्या. हेलिओस्फिअरमध्येच वेग मिळालेल्या भारित कणांची संख्या 28 जुलै 2012 ला अचानक घटली आणि काही दिवसांनी पूर्ववत झाली. ऑगस्टच्या मध्यास पुन्हा तेच झाले. 25 ऑगस्टला ती कोसळली ती पुन्हा वर आलीच नाही. पाहता पाहता ती हजार पटींहून खाली गेली. त्याच वेळी आकाशगंगेतून येणारे विश्वकिरण वाढले आणि वाढलेलेच राहिले. हे दोन्ही बदल यान बाहेर पडल्याचेच सांगत होते.

चुंबकमापकाची साक्ष मात्र उलटी होती. आतले चुंबकीय क्षेत्र सूर्याचे, त्याच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे मळसूत्रासारखे गुंडाळलेले. बाहेरचे क्षेत्र आकाशगंगेचे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तेव्हा हद्द ओलांडताना दिशा ठळकपणे बदलणार, असे सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात क्षेत्राची तीव्रता वाढली, पण दिशा जवळपास तीच राहिली. मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ एड स्टोन यांनी सावध भूमिका घेतली. डिसेंबर 2012 मध्ये त्यांच्या चमूने या भागाला चुंबकीय महामार्ग म्हटले: आतले कण इथून सुटून जातात आणि बाहेरचे आत येतात, पण आपण अजून सूर्याच्याच क्षेत्रात आहोत.

निकाल लावला तो सूर्यानेच. मार्च 2012 मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले होते. त्यांचा धक्का तेरा महिने प्रवास करत एप्रिल 2013 मध्ये व्हॉयेजर-1 पर्यंत पोहोचला आणि त्याने यानाभोवतालचा प्लाझ्मा हलवला. प्लाझ्मा म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेले असतात असा वायू. त्यातले इलेक्ट्रॉन जागचे हलले की धनभारित कण त्यांना मागे ओढतात, ते वेगाच्या भरात पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात, आणि असे कंप पावत राहतात. या कंपनांचा वेग इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरतो. घन सेंटिमीटरमध्ये एक इलेक्ट्रॉन असेल, तर सेकंदाला सुमारे 9,000 कंपने. घनता चौपट झाली, तर कंपने दुप्पट. म्हणजे कंपने मोजता आली, तर घनतेचे उपकरण नसले तरी चालते.

ती मोजण्याचे साधन यानावर शाबूत होते: काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी 10 मीटर लांबीच्या दोन अँटेना. त्यांनी टिपलेल्या लहरी यान आपल्या टेप रेकॉर्डरवर थोड्याथोड्या सेकंदांच्या तुकड्यांत साठवून ठेवते आणि काही महिन्यांनी पृथ्वीकडे पाठवते. आयोवा विद्यापीठातले डॉन गर्नेट आणि त्यांचे सहकारी या नोंदी तपासत होते. एप्रिल-मे 2013 च्या नोंदींत त्यांना सेकंदाला सुमारे 2,600 कंपने सापडली. आता हिशेब सरळ आहे. 2,600 ला 9,000 ने भागले की 0.29 येतात आणि त्याचा वर्ग सुमारे 0.08. म्हणजे घन सेंटिमीटरमध्ये 0.08 इलेक्ट्रॉन. हेलिओपॉजच्या आतल्या पट्ट्यात हा आकडा 0.002 च्या आसपास असतो. तिथे यान असते, तर कंपने 400 च्या आसपास भरली असती. चाळीसपट दाट वायू आतला असूच शकत नव्हता.

मग गर्नेट यांच्या चमूने जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2012 मधली एक क्षीण कंपनमालिका सापडली. तिच्यावरून घनता 0.06 निघाली. दोन बिंदू मिळाल्यावर घनता कोणत्या गतीने वाढते आहे हे कळले, आणि त्या चढाच्या मागे जात ते 2012 च्या ऑगस्टपर्यंत येऊन पोहोचले. कण नाहीसे झाले तो 25 ऑगस्टचा दिवसच ओलांडणीचा ठरला. तेव्हा यान 121.6 खगोलीय एककांवर होते.

तरीही काहींची खात्री पटेना. मिशिगन विद्यापीठाचे जॉर्ज ग्लॉकलर आणि लेनर्ड फिस्क यांचे म्हणणे, वारा आतच आणखी दाटला असेल. चुंबकीय दिशा बदलल्याशिवाय यान बाहेर पडले म्हणता येणार नाही. याचे उत्तर व्हॉयेजर-2 ने दिले. त्याचे प्लाझ्मा मोजणारे उपकरण चालू होते. 5 नोव्हेंबर 2018 ला, 119 खगोलीय एककांवर, त्या उपकरणाला बाहेरच्या दिशेने वाहणारा सौर वारा सापडेनासा झाला आणि त्याच दिवशी विश्वकिरण वाढले. चुंबकीय क्षेत्राची दिशा मात्र याही वेळी फारशी बदलली नाही. चुकली होती ती दिशाबदलाची अपेक्षा.

यानाच्या दृष्टीने या ओलांडणीत काय घडले? धक्का बसला नाही, वेग बदलला नाही. हद्दीजवळच्या वायूचे तापमान हजारो अंश भरते हे खरे, त्यावरून ‘आगीची भिंत’ अशा बातम्याही आल्या. पण वायू इतका विरळ आहे की त्यातली उष्णता यानाला जाणवण्याइतकीही नाही. बदलला तो विश्वकिरणांचा मारा. त्यांचा मोठा हिस्सा, सुमारे 70 टक्के, हेलिओस्फिअर बाहेरच अडवते, आणि ते छत्र आता यानावर नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॉयेजर-1 ची माहिती अर्थहीन होऊन येऊ लागली, कारण संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. एखादा वेगवान कण तिच्यावर आदळला असेल किंवा 46 वर्षांत ती झिजली असेल. अभियंत्यांनी त्या चिपमधली आज्ञावली तुकडे करून इतरत्र हलवली आणि एप्रिल 2024 मध्ये यान पुन्हा सुसंगत बोलू लागले.

यान सूर्यमालेबाहेर गेले, असे मात्र म्हणता येणार नाही. संपला तो वाऱ्याचा अंमल, गुरुत्वाचा नव्हे. धूमकेतूंचे जे दूरचे आगर, ऊर्ट मेघ, सूर्याला बांधलेले आहे, त्याच्या आतल्या काठापर्यंतच जायला व्हॉयेजर-1 ला सुमारे 300 वर्षे लागतील.

तोवर ते बोलणार नाही. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी त्याची वीज दरवर्षी सुमारे 4 वॅटने घटते, म्हणून एकेक उपकरण बंद करावे लागते. व्हॉयेजर-2 चे ते प्लाझ्मा-उपकरण 2024 मध्ये बंद झाले. याच वाटेने मागून न्यू होरायझन्स येत आहे, 2015 मध्ये प्लुटोजवळून गेलेले. त्याच्याकडे सौर वारा मोजणारे, व्हॉयेजरच्या उपकरणांपेक्षा आधुनिक उपकरण आहे. तिथवर त्याची वीज पुरली, तर वारा मंदावताना ते तपशिलाने टिपू शकेल. पण त्यावर चुंबकमापक नाही आणि प्लाझ्माची कंपने टिपणाऱ्या लांब अँटेनाही नाहीत. 2013 चा वाद ज्या युक्तीने मिटला, ती युक्ती त्याला वापरता येणार नाही.