फोटोतल्या शीटमधले ५८

संगणकाच्या परीक्षेत, नोकरीच्या चाचणीत आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक प्रश्न अधूनमधून हमखास येतो. एक्सेलच्या शीटचा फोटो दिलेला असतो, खाली दोन-तीन फॉर्म्युले असतात आणि विचारलेलं असतं की प्रत्येक सेलमध्ये काय उत्तर येईल. समोर कम्प्युटर असेल तर आकडे टाकून पाहता येतात. फोटोत ती सोय नाही. तिथे सेलवर क्लिक करता येत नाही, वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते दिसत नाही. एक्सेलने मनात जे केलं असतं ते आपल्याला डोक्यात करावं लागतं, आणि एक्सेल माणसासारखा विचार करत नाही हे तिथेच कळतं.

एक शीट घेऊ. दहावीच्या एका वर्गातले चार विद्यार्थी आणि तीन विषय, प्रत्येक विषय शंभर गुणांचा.

| | A | B | C | D |
|---|---|---|---|---|
| १ | नाव | मराठी | गणित | विज्ञान |
| २ | सई | ७८ | ८२ | ७१ |
| ३ | समीर | ६४ | ५८ | ६१ |
| ४ | रुक्साना | ५२ | गैरहजर | ४७ |
| ५ | गणेश | ६१ | ३४ | ५५ |

फोटोत बाकी सगळे आकडे सेलच्या उजव्या कडेला टेकलेले आहेत. समीरचे गणितातले ५८ तेवढे डाव्या कडेला आहेत. बाजूला `I2:J6` मध्ये श्रेणींचा तक्ता आहे: ० ला नापास, ३५ ला उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय, ६० ला प्रथम आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. प्रश्न असा की दुसऱ्या ओळीत पुढचे तीन फॉर्म्युले लिहून पाचव्या ओळीपर्यंत खाली ओढले, तर E, F आणि G या कॉलमांत काय दिसेल?

```
E2:  =SUM(B2:D2)
F2:  =IF(AND(B2>=35,C2>=35,D2>=35),"पास","नापास")
G2:  =VLOOKUP(E2/3,I2:J6,2)
```

सईचं सोपं आहे. बेरीज २३१, तिन्ही विषय पस्तीसच्या वर म्हणून पास, सरासरी ७७ म्हणून विशेष प्रावीण्य. खरा प्रश्न तिच्या खाली सुरू होतो.

समीरची बेरीज आपण तोंडी करतो: चौसष्ट, अठ्ठावन्न, एकसष्ट, म्हणजे १८३. एक्सेल मात्र १२५ दाखवतं. डाव्या कडेला चिकटलेले ५८ हा त्याच्या लेखी आकडा नाही, अक्षरं आहेत. सेलला आधीच टेक्स्ट असं स्वरूप दिलेलं असेल, आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलेलं असेल किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून यादी आणली असेल, तर असं होतं. SUM ला रेंज दिली की तिच्यातला मजकूर ती बिनबोभाट सोडून देते. ना सूचना, ना चूक. त्याऐवजी कुणी `=B3+C3+D3` असं लिहिलं असतं, तर बेरजेच्या चिन्हासाठी एक्सेलने ५८ चा आकडा करून घेतला असता आणि १८३ बरोबर आले असते. एकाच ओळीची दोन पद्धतींनी केलेली बेरीज वेगळी येते हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण ते तसंच आहे. उलट रुक्सानाच्या ओळीत अधिकची चिन्हं वापरली असती तर `#VALUE!` आलं असतं, कारण ‘गैरहजर’चा आकडा करता येत नाही. SUM तिथेही मजकूर वगळते आणि ९९ देते. गणेशचे १५०, त्यात काही गोम नाही.

फोटो वाचताना आकडा कुठल्या कडेला टेकलाय हे म्हणूनच आधी पाहावं. एक्सेलमध्ये काही बदललं नसेल तर आकडा उजवीकडे आणि मजकूर डावीकडे बसतो. ही खूण मात्र सहज पुसली जाते. शीट देखणी दिसावी म्हणून सगळं मधोमध आणणारे लोक पुष्कळ आहेत, आणि मधोमध आणलेल्या शीटमध्ये या खुणेचा काहीच उपयोग नाही. मग सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला बारीक हिरवा त्रिकोण शोधायचा. आकडा मजकूर म्हणून साठवलाय याची ती एक्सेलची सूचना असते. अंधूक फोटोत तोही दिसत नसेल, तर उत्तर देण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

आता IF. रुक्साना गणिताला गैरहजर, तेव्हा नापास, असंच कुणीही म्हणेल. पण `F4` मध्ये ‘पास’ येतं. आकडा आणि मजकूर यांची तुलना करायची वेळ आली की एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं. ‘गैरहजर’ हे ३५ पेक्षा मोठं, म्हणून अट खरी, म्हणून मुलगी पास. समीरही पास होतो, आणि ते बरोबर वाटतं म्हणून कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण त्याच्या ५८ च्या जागी मजकूर म्हणून २० असते तरी तो पासच झाला असता. उत्तर बरोबर आलं, कारण चुकीचं होतं. सईखालच्या तिघांत IF ने नेटाने काम केलं ते एका गणेशसाठी: गणितात ३४, नापास.

VLOOKUP कडे येताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, चौथी जागा रिकामी आहे. ती रिकामी सोडली की एक्सेल अचूक जुळणी शोधत नाही, अंदाजी शोधतं: दिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असलेला सगळ्यात मोठा आकडा. श्रेणींसाठी नेमकं हेच हवं असतं. ७७ तक्त्यात नाही, पण ७५ आहे, म्हणून सईला विशेष प्रावीण्य. तिथे FALSE लिहिलं असतं तर एक्सेलने हुबेहूब ७७ शोधले असते आणि `#N/A` दाखवलं असतं.

दुसरी गोष्ट, `I2:J6` मध्ये डॉलरचं चिन्ह नाही. यावरच अर्धे लोक अडतात. फॉर्म्युला खाली ओढला की `E2` चं `E3` होतं, ते हवंच असतं. पण त्याबरोबर तक्ताही एक-एक ओळ खाली सरकतो. समीरच्या ओळीत एक्सेल `I3:J7` मध्ये शोधतं, म्हणजे ० ची ओळ निसटली आणि तक्ता ३५ पासून सुरू झाला. त्याची चुकलेली सरासरी १२५ भागिले ३ म्हणजे ४१.६७, ती ३५ च्या वर आहे, म्हणून ‘उत्तीर्ण’. तक्ता सरकल्याचं इथे कळतच नाही. रुक्सानाच्या ओळीत तक्ता ४५ पासून सुरू होतो. तिची सरासरी ३३, त्याहून लहान काही सापडत नाही, म्हणून `#N/A`. गणेशच्या ओळीत तक्ता ६० पासून, सरासरी ५०, पुन्हा `#N/A`.

म्हणजे G कॉलममध्ये वरून खाली असं येईल: विशेष प्रावीण्य, उत्तीर्ण, `#N/A`, `#N/A`. फॉर्म्युल्यात `$I$2:$J$6` असतं तर शेवटची दोन उत्तरं ‘नापास’ आणि ‘द्वितीय’ अशी आली असती. मग रुक्सानासमोर F मध्ये ‘पास’ आणि शेजारी G मध्ये ‘नापास’ दिसलं असतं. माझ्या मते त्यापेक्षा `#N/A` बरं. त्या दोन सेलांमुळे कुणी तरी शीट पुन्हा उघडून पाहील. खरं नुकसान समीरचं झालंय. त्याची खरी सरासरी ६१, म्हणजे प्रथम श्रेणी, आणि मिळाली उत्तीर्ण. त्याच्या ओळीत एकही चूक दिसत नाही.

तक्ता उलटा लावला असता तर आणखी गंमत. वर ७५, मग ६०, ४५, ३५ आणि तळाला ०. गुणवत्ता यादी मोठ्याकडून लहानाकडे लावायची आपल्याला सवयच असते. पण अंदाजी शोधासाठी एक्सेल तक्ता चढत्या क्रमाने लावलाय असं धरूनच चालतं. ते मधला आकडा पाहतं, तो आपल्या आकड्यापेक्षा लहान असला की खालच्या अर्ध्यात जातं, मोठा असला की वरच्या. सईचे ७७ घेऊन गेलं तर मधले ४५ लहान, म्हणून खाली, मग ३५ लहान, पुन्हा खाली, शेवटी ०. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी नापास, आणि शीटवर चुकीचं चिन्ह कुठेच नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने XLOOKUP आणलं तेव्हा आपोआप होणारी जुळणी अचूक ठेवली. पण ते जुन्या आवृत्त्यांत नाही, आणि परीक्षांचे प्रश्न अजून VLOOKUP वरच येतात.

फॉर्म्युल्यातली रेंज नेमकी कुठून कुठपर्यंत आहे हे न पाहण्याची चूक फक्त विद्यार्थीच करतात असं नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि विकास यांवरचा २०१० चा निबंध अनेक देशांत काटकसरीच्या बाजूने दाखवला जात होता. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून तपासली. सरासरीच्या फॉर्म्युल्यातली रेंज पाच ओळी आधीच थांबत होती आणि त्यामुळे पाच देश मोजलेच गेले नव्हते. निबंधावर इतरही आक्षेप होते. पण रेंजची चूक लेखकांनी मान्य केली.

आपली शीट दुरुस्त करायची तर काय करावं? समीरच्या सेलचं स्वरूप नुसतं नंबर असं बदलून ५८ आकडा होत नाही, आणि तो उजवीकडे सरकवूनही होत नाही. हिरव्या त्रिकोणाशेजारच्या यादीतून त्याचा नंबर करून घ्यायचा किंवा सेलचं स्वरूप बदलल्यावर आकडा पुन्हा टाइप करायचा. तक्त्याला डॉलर लावायचे. आणि IF च्या आधी एक चौकशी घालायची. COUNT फक्त आकडे मोजतं, त्यामुळे तिन्ही सेलांत खरेच आकडे आहेत का ते आधीच कळतं.

```
=IF(COUNT(B2:D2)<3,"तपासा",IF(MIN(B2:D2)>=35,"पास","नापास"))
```

मूळ शीटवर हा फॉर्म्युला चालवला तर समीर आणि रुक्साना या दोघांसमोर ‘तपासा’ येतं, आणि यायला हवं ते हेच.

एवढं करूनही फोटोतून न कळणाऱ्या गोष्टी उरतात. सेलमध्ये ३४.६ असून दशांश लपवले असतील, तर फोटोत ३५ दिसतील आणि IF नापास म्हणेल. ओळींचे क्रमांक ४ वरून थेट ६ वर गेले असतील, तर पाचवी ओळ लपवलेली आहे आणि खाली आडव्या बेरजेऐवजी उभी बेरीज असेल तर SUM तीही धरते. म्हणून असा फोटो कुणाला पाठवायचा असेल, तर वरची कॉलमची अक्षरं आणि डावीकडचे ओळींचे क्रमांक कापू नका, आणि ज्या सेलबद्दल शंका आहे त्यावर क्लिक करून फॉर्म्युल्याच्या पट्टीसकट फोटो काढा.