नोआचे नाव आणि सुंजाची किमची

परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबाची तिसरी पिढी घरची भाषा विसरते, ही तक्रार नेहमीची. दोष बहुतेक वेळा मुलांच्या माथी मारला जातो. मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ ही 2017 साली आलेली कादंबरी मात्र दाखवते, की भाषा आपोआप जात नाही. कायदा, शाळा आणि शेजार मिळून ती काढून घेतात.

जपानने 1910 मध्ये कोरिया ताब्यात घेतला. बुसानजवळच्या बेटावर खाणावळ चालवणाऱ्या घरातली सुंजा लग्न होऊन 1933 मध्ये ओसाकाला जाते. तिची आई लग्नाच्या जेवणासाठी पांढरा तांदूळ शोधत दुकानात येते. कोरियात पिकलेला हा तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला असतो. तरीही परक्या मुलखात निघालेल्या लेकीने आपल्या मातीतला भात एकदा तरी चाखावा, म्हणून आई दुकानदारापुढे हात जोडते. पुढच्या पिढीला वारशात काय मिळणार, हे लेखिका तिथेच सांगून टाकते. सुंजाला लिहिता-वाचता येत नाही. तिच्याकडचे सगळे संचित जिभेवर आणि हातात आहे.

ओसाकातल्या इकाइनो या कोरियन वस्तीत नवरा तुरुंगात गेल्यावर सुंजा किमची विकून घर चालवते. तिचा थोरला मुलगा नोआ हुशार, नीटनेटका. पण त्याच्या स्वच्छ कपड्यांना लसूण, मिरची आणि कोळंबीच्या खारवणाचा वास चिकटलेला असतो. त्या वासामुळे शिक्षक त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवतात. म्हणजे ज्या किमचीवर त्याचे पोट भरते, तिनेच त्याला शाळेत खाली मान घालायला लावले. आठवणीसोबत तिची लाजही वारशात येते, ही या कादंबरीतली सर्वांत बोचरी गोष्ट.

नोआला कोरियन येत नाही असे नाही. घरी तीच बोलली जाते. तो ती टाकून देतो. त्याचा हा प्रवास नावांवरून कळतो. घरात तो नोआ बेक, शाळेत नोबुओ बोकू. पुढे आपला खरा बाप याकुझा टोळीशी संबंधित आहे हे कळल्यावर तो विद्यापीठ आणि घर दोन्ही सोडतो, नागानोत नोबुओ बान होतो आणि जन्माने जपानी असल्याचे भासवत राहतो. तिथल्या बायकोला, मुलांना काहीच ठाऊक नसते. सोळा वर्षांनी आई समोर येऊन उभी राहते आणि त्यानंतर लगेच तो आपले आयुष्य संपवतो.

हे सारे लेखिकेच्या कल्पनेतून आलेले नाही. नावे जपानी करायला लावणारा हुकूम 1940 मध्ये अमलात आला. युद्धानंतर जपानमधल्या कोरियन लोकांनी मुलांना मातृभाषा शिकवण्यासाठी स्वतःच्या शाळा काढल्या. 1948 मध्ये त्या बंद करण्याचे आदेश निघाले. कोबे आणि ओसाकात मोठी निदर्शने झाली, ओसाकात पोलिसांच्या गोळीबारात सोळा वर्षांचा मुलगा मारला गेला. 1952 मध्ये या लोकांचे जपानी नागरिकत्वही गेले. मग कारकुनी किंवा सरकारी नोकरी कुठली? अनेकांना पाचिंको या लोखंडी गोळ्यांच्या जुगारयंत्रांचा धंदाच उरला. सुंजाचा धाकटा मुलगा मोझासू त्यातच श्रीमंत होतो. पण त्याच्या मुलाला, सॉलोमनला, चौदावा वाढदिवस आला की ‘परकीय’ म्हणून नोंदणीसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. सॉलोमन जपानमध्येच जन्मला आहे.

आता स्मृतीकडे. 1989 मध्ये म्हातारी सुंजा नवऱ्याच्या कबरीवर जाते. तिथला राखणदार तिला सांगतो, की नोआ इथे येत असे; नागानोला गेल्यानंतरही येत राहिला. नाव, भाषा, आई सगळे सोडलेला मुलगा, ज्याला तो वडील मानत असे त्या माणसाच्या कबरीपाशी गुपचूप जात होता. हा प्रसंग वाचल्यावर नोआची आधीची सोळा वर्षे वेगळी दिसू लागतात. टाकून दिलेल्या वारशाचा एक धागा त्याने शेवटपर्यंत धरून ठेवला होता.

कादंबरीची एक अडचणही सांगायला हवी. लेखिका सोल शहरात जन्मली, लहानपणी न्यूयॉर्कला गेली आणि इंग्रजीत लिहिते. त्यामुळे कोरियन आणि जपानी, दोन्ही बोलणी पानावर इंग्रजीतच उमटतात. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतो आहे, हे वाचकाला अनेकदा ताडावे लागते. 2022 च्या दूरचित्र मालिकेने यावर सोपा उपाय काढला: कोरियन संवादांची उपशीर्षके पिवळी, जपानी संवादांची निळी. एकाच वाक्यात रंग बदलला, की पात्राची अवघड जागा लगेच कळते. म्हणून ज्यांना दोन्ही वाट्याला येतील त्यांनी आधी मालिकेचे दोन-तीन भाग पाहावेत आणि मग पुस्तक उघडावे.