सातारा-सांगलीची रेघ : LINEST च्या पाच ओळी

गेल्या आठवड्यात आपण SLOPE, INTERCEPT आणि RSQ ही तीन सूत्रं वेगवेगळी वापरली. आज एकाच सूत्रातून तेच सगळं काढू आणि त्यासोबत प्रमाण त्रुटीही, म्हणजे काढलेला आकडा किती डळमळीत आहे याचं माप. उदाहरण जनगणनेचं घेऊ. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे १९६१ ची जनगणना ही सांगली जिल्ह्याची या नावाने झालेली पहिली जनगणना. आपली मोजणी तिथूनच सुरू करू.

१९६१ ते २०११ या सहा जनगणनांत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या लाखांत अशी होती : १४.३०, १७.२७, २०.३९, २४.५१, २८.०९, ३०.०४. हे आकडे B2 ते B7 मध्ये भरा. A2 ते A7 मध्ये वर्षं न लिहिता ० ते ५ लिहा, म्हणजे १९६१ नंतर किती दशकं गेली ते. मग D2 मध्ये :

```
=LINEST(B2:B7,A2:A7,TRUE,TRUE)
```

आधी लोकसंख्या, मग काळ; हा क्रम उलटला तर उत्तर येतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. शेवटचं TRUE विसरलात तर फक्त पहिली ओळ मिळते. नव्या एक्सेलमध्ये उत्तर आपोआप पाच ओळी आणि दोन स्तंभांत पसरतं. त्या जागेत आधीच काही लिहिलेलं असेल तर #SPILL! दिसतं. जुन्या एक्सेलमध्ये आधी दहा घरं निवडायची, सूत्र लिहायचं आणि Ctrl+Shift+Enter दाबायचं.

```
3.294     14.199
0.137      0.414
0.993      0.572
580.4      4
189.85     1.308
```

या कोष्टकाला शीर्षकं नसतात, म्हणून ते नीट वाचायला शिकावं लागतं. पहिल्या ओळीत डावीकडे उतार : दर दशकाला ३ लाख २९ हजार माणसांची भर. उजवीकडे इंटरसेप्ट, म्हणजे रेघेच्या मते १९६१ ची लोकसंख्या, १४.२० लाख. दुसऱ्या ओळीत याच दोन आकड्यांच्या प्रमाण त्रुटी. तिसऱ्या ओळीत आर-स्क्वेअर आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष आकडे रेघेपासून साधारण किती दूर पडतात ते, ५७ हजार. चौथ्या ओळीतला ४ म्हणजे सहा नोंदींतून उतार आणि इंटरसेप्ट काढण्यात खर्च झालेल्या दोन वजा करून उरलेल्या मोकळ्या नोंदी. बाकीचे तीन आकडे आज बाजूला ठेवू.

A स्तंभात १९६१, १९७१ अशी वर्षंच लिहिली तर? आर-स्क्वेअर जसाच्या तसा राहतो, उतार दर वर्षाचा ०.३२९ होतो, पण इंटरसेप्ट उणे ६३१.७ लाख येतो आणि त्याची त्रुटी २७ लाखांच्या वर जाते. सूत्र चुकलेलं नसतं. ते इसवी सन शून्यातल्या साताऱ्याची लोकसंख्या सांगत असतं, आणि तिथवर रेघ ओढायला कोणी सांगितलेलं नसतं. इंटरसेप्ट विचित्र दिसला की आधी शून्य कुठे धरलं आहे ते पाहावं.

प्रमाण त्रुटीचा खरा उपयोग तुलनेत होतो. सांगलीचे आकडे १२.३१, १५.४०, १८.३१, २२.०९, २५.८४ आणि २८.२२ लाख. उतार येतो ३.२७६, त्याची त्रुटी ०.०९५. साताऱ्याचा उतार जेमतेम ०.०२ ने जास्त, आणि एकट्या साताऱ्याच्या उताराची त्रुटीच ०.१४. नुसत्या SLOPE वर विसंबून ‘सातारा जास्त वेगाने वाढला’ असं लिहिलं असतं तर ते टिकलं नसतं.

आता ०.९९३ या आर-स्क्वेअरकडे वळू, कारण माझ्या मते फसगत इथेच होते. C स्तंभात प्रत्यक्ष आकड्यातून रेघेचा आकडा वजा करा :

```
=B2-($D$2*A2+$E$2)
```

उत्तरं येतात ०.१०, -०.२२, -०.४०, ०.४३, ०.७२, -०.६३. चिन्हांकडे पाहा : सलग दोन वजा, सलग दोन अधिक आणि शेवटी जोराची घसरण. रेघ योग्य असती तर अधिक-उणे विखुरलेले दिसायला हवेत. नोंदी सहाच आहेत, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येणार नाही. पण सांगलीतही हाच साचा दिसतो. साताऱ्याची दशकागणिक भर पाहिली की कारण कळतं : २.९७, ३.१२, ४.१२, ३.५८ आणि शेवटच्या दशकात फक्त १.९५ लाख. वाढीचा वेग आधी चढला आणि मग निम्म्यावर आला. लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली असल्याने कोणतीही चढती रेघ त्यातला बहुतेक फरक टिपते आणि आर-स्क्वेअर ०.९९ दाखवतो. मधला बाक त्याला दिसत नाही. त्रुटीचं ०.१४ हे मापही रेघ सरळच आहे असं गृहीत धरून काढलेलं असतं.

म्हणून A8 मध्ये ६ लिहून २०२१ साठी रेघ ३३.९६ लाख सांगते, ते मी कुठल्याही आराखड्यात वापरणार नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे रिकामी जागा अशा रेघेने भरण्याचा मोह होतो. पण हा आकडा यायला एका दशकात ३.९२ लाखांची भर पडावी लागते, आणि त्याआधीच्या दशकात तिच्या निम्मीच पडली होती.