चावी देण्याआधी

कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये सकाळपासून सेलोटेपचा आवाज सुरू आहे. तीन वर्षे पुण्यात नोकरी केलेला एक तरुण आज नागपूरला परत चालला आहे. संध्याकाळी गाडी, त्याआधी चार वाजता घरमालक येणार. अशी घरे पुण्यात रोज रिकामी होतात, म्हणून हा तरुण नमुन्यादाखल घेऊ. त्याचे भाडे महिना 18,000 रुपये आणि अनामत 60,000. आजच्या दिवसात त्याचे सगळ्यात मोठे काम खोकी भरण्याचे नाही, ही अनामत परत घेण्याचे आहे.

खरे तर त्या कामाची बरीचशी तयारी आधीच झालेली असावी लागते. त्याने महिनाभर आधी घर सोडण्याची सूचना घरमालकांना व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही दिली होती. करारात नोटिशीचा काळ लिहिलेला असतो, बहुधा एक महिन्याचा. फोनवर तोंडी सांगून ठेवले आणि नंतर ‘तू मला सांगितलंच नाहीस’ असे ऐकावे लागले, तर त्या महिन्याचे भाडे अनामतीतून जाते. करारात लॉक-इन असेल, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता येणार नाही अशी अट असेल, तर ती संपली आहे का हेही त्याच वेळी पाहावे लागते.

गॅसचे कामही शेवटच्या दिवसावर सोडून चालत नाही. सिलिंडर रेल्वेतून नेता येत नाही, सामान हलवणारेही तो ट्रकमध्ये घेत नाहीत. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, कनेक्शन घेताना मिळालेले व्हाउचर दाखवायचे आणि बदलीचे व्हाउचर घ्यायचे. नव्या गावात त्यावर कनेक्शन मिळते. जमा केलेली डिपॉझिटची रक्कम परत मिळते, पण ती व्हाउचरवर छापलेली जुनी रक्कम असते, आजच्या दराची नव्हे. या तरुणाने हे काम चार दिवस आधीच उरकले. उरलेले दिवस इंडक्शनवर चहा आणि मॅगी.

बाईक काल पुणे स्टेशनच्या पार्सल कार्यालयात गेली. तिथे आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, गाडी गोणपाटात नीट बांधावी लागते आणि टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते. फ्रिज कालच बंद करून दार उघडे ठेवले होते, म्हणजे बर्फ वितळून पाणी निघून जाते आणि वाटेत खोकी भिजत नाहीत. पुस्तके लहान खोक्यांत भरली, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की उचलताना तळातून फाटते. करार, चार्जर, औषधे आणि स्क्रूड्रायव्हर मात्र कोणत्याही खोक्यात नाहीत. ते पाठीवरच्या सॅकमध्ये.

दुपारी घर रिकामे झाले आणि भिंती दिसू लागल्या. हॉलमध्ये टीव्हीच्या स्टँडसाठी पाडलेली चार भोके, बेडरूममध्ये पोस्टरच्या टेपने उखडलेला रंग, बाथरूममध्ये बेसिनला गेलेला बारीक तडा. पुढचा वाद या तीन गोष्टींवरच होतो.

घरमालक चारला आले. सत्तरीकडे झुकलेले काका, भांडखोर नाहीत. ते प्रत्येक खोलीत फिरले आणि म्हणाले, “रंग तर सगळाच काढावा लागेल. एक महिन्याचं भाडं कापतो, तेच चालतं सगळीकडे.” हे बऱ्याच ठिकाणी खरेच चालते, पण प्रश्न करारात काय लिहिले आहे हा असतो. रंगकामाची रक्कम करारात स्पष्ट लिहिलेली असेल, तर तिच्यावर वाद घालता येत नाही. लिहिलेली नसेल, तर नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि केलेले नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. तीन वर्षांत पांढरा रंग पिवळसर होणे, दाराच्या कडीभोवती हात लागून डाग पडणे ही झीज. पाडलेली भोके आणि उखडलेला रंग हे नुकसान.

तरुणाच्या करारात रंगाचा उल्लेख नव्हता. त्याने फोन उघडला. “काका, मी राहायला आलो त्या दिवशीचे फोटो तुम्हाला पाठवले होते, बघा. बेसिनचा तडा तेव्हाच होता.” व्हॉट्सॲपवर तारखेसह सगळे होते: प्रत्येक भिंत, नळ, गिझर, पंखे, विजेच्या मीटरचे आकडे. आलेल्या दिवशी अशी अर्ध्या तासाची खटपट केलेली असली, तर शेवटच्या दिवशी कुणाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. बेसिनचा विषय तिथेच मिटला.

भिंतींचा हिशेब मग दोघांनी मिळून केला. ओळखीच्या रंगाऱ्याला फोन लावला. हॉलची एक भिंत लांबी भरून रंगवायची आणि बेडरूममधला पट्टा दुरुस्त करायचा, मजुरी-सामानासह 3,500 रुपये. काकांना ते पटले, तरुणालाही.

राहिले वीजबिल. महावितरणचे बिल मागच्या वापराचे येते, त्यामुळे घर सोडल्यावरही एक बिल यायचे असते. दोघे खाली मीटरपाशी गेले, आकड्यांचा फोटो काढला आणि मागच्या बिलावरचे रीडिंग वजा केले. घरगुती वीजदर टप्प्यांत चढतो. पहिल्या 100 युनिटचा दर कमी, पुढच्यांचा जास्त. त्याच महिन्यात नवे लोक राहायला आले, तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि कुणाचे किती हे सांगता येत नाही. आजचे रीडिंग लिहून ठेवले की तो घोळ राहत नाही. स्थिर आकार धरून 1,100 रुपये ठरले.

60,000 मधून 3,500 आणि 1,100 गेले. उरले 55,400.

आता कायद्याची बाजू. महाराष्ट्रात अशी घरे बहुतेक लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर दिली जातात, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणून नोंदणी टाळणे घरमालकालाच महागात पडू शकते. त्याच कायद्याचे कलम 24 उलट बाजूचे आहे: मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. ‘अनामत मिळेपर्यंत मी हलत नाही’ असा पवित्रा त्यामुळे धोक्याचा ठरतो. त्यापेक्षा चावी आणि पैसे एकाच भेटीत द्यायचे-घ्यायचे हे आधीच लेखी ठरवावे.

या तरुणाने तेच केले होते. काकांनी तिथेच बसून 55,400 रुपये बँकेतून पाठवले, खात्यात जमा झाल्याचा संदेश आला, मग दोन्ही चाव्यांचे जुडगे त्यांच्या हाती गेले. एका कागदावर दोघांनी ताबा पावती लिहिली: घराचा पत्ता, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, मीटरचे रीडिंग, चाव्यांची संख्या, कपातीचा तपशील, परत मिळालेली रक्कम, दोघांच्या सह्या. कराराची मुदत संपायला अजून तीन महिने होते, म्हणून करार दोघांच्या संमतीने आजपासून संपला हेही त्यावर लिहिले.

पैसे अडकले असते, तर पहिले पाऊल लेखी नोटिशीचे असते आणि मग दिवाणी दाव्याचे. पैशांच्या वसुलीसाठी मुदत कायदा साधारण तीन वर्षे देतो. करार, राहायला आल्या दिवशीचे फोटो आणि ताबा पावती निदान तेवढा काळ तरी नागपूरच्या कपाटात जपून ठेवायला हवीत; या हिशेबावर उद्या कुणी प्रश्न काढला, तर उत्तर त्या तीन कागदपत्रांतच सापडेल.