झावळीची राख, कपाळावरचा क्रूस

एक साधा प्रश्न. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये फादर कपाळावर जी राख लावतात, ती येते कुठून?

तिची गोष्ट जवळजवळ वर्षभर आधी सुरू होते. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या येरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून भाविक हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. वसईत किंवा गोव्यात कॅथलिक घरी गेलात, तर त्याच पात्यांचा विणलेला छोटा क्रूस येशूच्या तसबिरीमागे खोवलेला दिसतो. पवित्र केलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, म्हणून तो तिथेच सुकतो, पिवळा पडतो. पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ जवळ आला की चर्चमधून सूचना होते, जुन्या झावळ्या आणून द्या. त्या जाळतात, आणि हीच ती राख! ज्या पात्यांनी राजाचं स्वागत केलं, तीच आता माणसाला त्याच्या मरणाची आठवण करून देणार असतात.

ही राख करणं वाटतं तितकं सोपं नाही. टोपलीभर झावळ्यांतून जेमतेम वाटीभर राख हाती लागते. शिवाय फार वेळ जाळलं तर सगळा कोळसा जळून फिकट करडी भुकटी उरते आणि ती कपाळावर दिसतच नाही. काळा क्रूस हवा असेल तर जाळ वेळेवर थांबवून थोडा कोळसा राखावा लागतो. मग कुटायचं आणि बारीक चाळायचं, नाहीतर काड्या कपाळाला टोचतात. खरी गंमत पुढे आहे. राख अंगठ्याला नीट चिकटावी म्हणून कुणी सढळ हाताने पाणी ओतलं तर? चुलीतल्या राखेने भांडी लख्ख का निघायची, आठवतंय? राखेतल्या क्षारांमुळे. पाण्यात तेच क्षार विरघळतात आणि त्वचेला झोंबतात. ओल्या राखेमुळे कपाळाची आग झाल्याच्या, फोड आल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. म्हणून जाणकार राख कोरडीच ठेवतात, फार तर तेलाचे एक-दोन थेंब घालतात.

आता ही राख लावायची कुणाला? इथे इतिहासाने घेतलेलं वळण मला सगळ्यात विलक्षण वाटतं. सुरुवातीला ती सगळ्यांसाठी नव्हतीच. दहाव्या शतकातल्या युरोपात ज्यांच्या हातून उघड, गंभीर पाप घडलं असेल, अशी माणसं उपवासकाळाच्या सुरुवातीला अनवाणी, जाड्याभरड्या गोणपाटात चर्चच्या दाराशी येत. बिशप त्यांच्या डोक्यावर राख टाकत आणि त्यांना चर्चबाहेर घालवत. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांना परत आत घेत. म्हणजे राख हा चारचौघांत लागलेला डाग होता. मग हळूहळू ज्यांच्यावर कसलाही ठपका नव्हता असे लोकही त्या रांगेत उभे राहू लागले. पाप काय यांनीच केलं, आम्ही नाही? 1091 साली बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांच्या काळात ठरलं की धर्मगुरू, सामान्य जन, स्त्री, पुरुष, सगळ्यांनीच राख घ्यावी. रांग थोरामोठ्यांनाही सुटली नाही. रोममध्ये या दिवशी आव्हेंतिन टेकडीवरच्या सांता साबिना चर्चमध्ये स्वतः पोप डोकं झुकवून राख घेतात. तिथे कपाळावर क्रूस काढत नाहीत, टाळूवर चिमूटभर राख भुरभुरवतात. कोविडच्या काळात, 2021 साली, जगभर हीच रीत वापरा असं व्हॅटिकनने सांगितलं होतं.

कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियन, घेण्याचे नियम कडक आहेत. बाप्तिस्मा झालेला, तयारी केलेला कॅथलिकच तो घेतो. राख मात्र संस्कारांत मोडत नाही, ती एक पवित्र खूण आहे. त्यामुळे तान्ह्या बाळापासून कुणालाही ती घेता येते, ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही. नाव, गाव, धर्म कुणी विचारत नाही. आणखी एक आश्चर्य: या दिवशी चर्चला येणं कॅथलिकांवर बंधनकारक नाही, तरीही वर्षातल्या मोठ्या गर्दीच्या दिवसांत याची गणना होते. बंधन आहे ते उपवासाचं. 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसाने एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं, आणि मांस वर्ज्य.

तुम्हाला जायचं असेल तर आधी तारीख पाहा, कारण ती चंद्रावर चालते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या 46 दिवस आधी राखेचा बुधवार. उपवास तर चाळीस दिवसांचा, मग 46 कसे? मधले सहा रविवार आनंदाचे, ते उपवासात धरत नाहीत. 2027 साली हा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे, 2028 साली 1 मार्चला.

कामाचा दिवस असल्याने मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, साधारण सकाळी आणि संध्याकाळी असते. वसईत ती मराठीत ऐकायला मिळेल. थोडं लवकर जा, खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे घाला आणि मागच्या बाकांवर बसा. आपल्याकडच्या बहुतेक चर्चमध्ये चपला काढत नाहीत, तरी दाराशी एक नजर टाका. आत वेदीवर फुलं नसतील, फादरांचा झगा जांभळा असेल. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की उपवास दाखवण्यासाठी करू नका, उलट तोंड धुऊन या. आणि ते ऐकून, प्रवचन संपल्यावर, सगळे कपाळ काळं करून घ्यायला रांग लावतात! हा विरोधाभास चर्चला ठाऊक आहे आणि तो मुद्दाम तसाच ठेवलाय असं मला वाटतं. मिरवायला नव्हे, कबूल करायला लावलेली खूण कशी वागवायची, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

राख हवी असेल तर या रांगेत उभे राहा. फादर अंगठ्याने क्रूस काढताना एक वाक्य म्हणतील. माणूस मातीचा, मातीलाच मिळणारा, याची आठवण तरी, नाहीतर पापापासून मागे फिरण्याचं आवाहन. उत्तर द्यायचं नसतं, मान थोडी लववली की झालं. नको असेल तर बसून राहा, कुणाला वावगं वाटत नाही. काही वेळाने दुसरी रांग लागते, ती ख्रिस्तप्रसादाची. त्या वेळी पाहुण्याने जागेवरच थांबायचं. दोन रांगांची गल्लत होते ती इथेच. फोटो काढू नका. राख घरी गेल्यावर पुसलीत तरी चालते, किती वेळ ठेवायची याचा नियम नाही.

शेवटची एक सूचना. केरळच्या सीरो-मलबार परंपरेत उपवासकाळ सोमवारीच सुरू होतो आणि राखही त्याच दिवशी लावतात. मुंबई-ठाण्याकडे या परंपरेची बरीच चर्च कल्याण महाधर्मप्रांतात आहेत. मल्याळी मित्राबरोबर जाणार असाल, तर वार आधी विचारून घ्या.